तीन कॅमेऱ्यांचं नाटक आणि आठ जीबीचा लॅपटॉप

सांगलीत हौशी नाटकांचं चित्रीकरण करणारी पोरं बरीच आहेत. नाट्यपंढरीच ती, त्यामुळे स्पर्धा आली की कुणाचं ना कुणाचं तरी शूटिंग असतंच. आणि प्रयोग झाला की दोन दिवसांत ठरलेला फोन येतो: "दादा, तिन्ही कॅमेरे टाइमलाइनवर टाकले की लॅपटॉप गुडघे टेकतो. रॅम वाढवू का?"

रॅम वाढवली तर वाईट काही होणार नाही, पण बहुतेक वेळा दुखणं तिथं नसतं. ते कुठं आहे हे बघायला पैसेही लागत नाहीत. टाइमलाइन चालू ठेवायची, Ctrl+Shift+Esc दाबून Task Manager उघडायचा आणि Performance मध्ये बघायचं. CPU शंभर टक्क्यांना चिकटलाय आणि Disk पाच-दहा टक्क्यांवर निवांत आहे, तर व्हिडिओ उलगडतानाच प्रोसेसरचा दम निघतोय. Disk शंभरावर आणि CPU अर्धा मोकळा असेल, तर डेटाच वेळेवर पोचत नाही. Memory नव्वदच्या वर जाऊन बसलेली दिसली, तरच रॅमचा विचार करा. कॅमेऱ्याच्या ४के फाइल्स आणि जुना आय-फाइव्ह लॅपटॉप असेल तर पहिलाच प्रकार दिसण्याची शक्यता जास्त.

फाइल छोटी, पण उलगडायला जड

गंमत अशी की या फाइल्स डिस्कला मुळीच जड नसतात. ४के चित्रीकरण करणारे बरेच कॅमेरे १०० एमबीपीएस वेगानं लिहितात. हे मेगाबिट आहेत, मेगाबाइट नव्हेत; आठनं भागलं की सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. साधी फिरती हार्डडिस्कसुद्धा सेकंदाला शंभरच्या आसपास मेगाबाइट सहज देते. मग अडकतं कुठं?

अडकतं ते H.264 किंवा HEVC या पद्धतीत. जागा वाचवण्यासाठी कॅमेरा प्रत्येक चित्र पूर्ण लिहीत नाही. मधूनमधून एखादं चित्र पूर्ण लिहितो आणि पुढच्या चित्रांत आधीच्यापेक्षा काय बदललं तेवढंच नोंदवतो. दुकानातल्या उधारीच्या वहीसारखं समजा. रोज काय नेलं तेवढंच लिहिलेलं असतं. एखाद्या तारखेची बाकी सांगायची तर मागच्या शिल्लकेपासून बेरीज करत यावं लागतं. सरळ पुढं पाहत गेलं तर ही बेरीज चालता चालता होते, म्हणून तीच फाइल नुसत्या प्लेअरमध्ये बरी चालते. पण संपादन करताना आपण सारख्या उड्या मारतो: मागं जातो, एक फ्रेम पुढं, पुन्हा मागं. प्रत्येक उडीला नवी बेरीज. त्यात मल्टिकॅममध्ये तीन कॅमेरे एकाच वेळी दाखवायचे म्हणजे तीन वह्या एकदम. ४केच्या एका चित्रात सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात. तिघांचे मिळून अडीच कोटी, आणि तेही सेकंदाला पंचवीस वेळा.

प्रॉक्सी यातल्या दोन्ही गोष्टी बदलते. मूळ फाइलची ती लहान आकाराची नक्कल असते, आणि ही नक्कल अशा पद्धतीत केलेली असते की प्रत्येक चित्र स्वतंत्र, पूर्ण लिहिलेलं असतं. DNxHR आणि ProRes या त्या जातीच्या पद्धती. संपादन नकलेवर करायचं. सॉफ्टवेअर प्रत्येक कट नोंदवून ठेवतं आणि शेवटची फाइल काढताना तेच कट मूळ फाइलवर लावतं. म्हणजे प्रॉक्सीमुळे अंतिम व्हिडिओची प्रत उतरत नाही, अट एकच की शेवटी मूळ फाइल्स जागेवर सापडल्या पाहिजेत.

फक्त आकार लहान करून प्रॉक्सी पुन्हा H.264 मध्येच केली तर फायदा होतो, पण अर्धा. पिक्सेल कमी होतात, बेरीज मात्र तशीच राहते. जागेची अगदीच टंचाई असेल तरच तो मार्ग.

आधी जागेचा हिशेब

आता एक प्रयोग धरून हिशेब करू. दोन अंकी नाटक, मध्यंतर वगळून सव्वादोन तास. पहिला कॅमेरा मधोमध, पूर्ण रंगमंच दाखवणारा. दुसरा क्लोजअपसाठी. दोन्ही ४के, १०० एमबीपीएस, सेकंदाला २५ फ्रेम. तिसरा म्हणजे विंगेच्या बाजूला स्टँडवर लावलेला फोन, ४के, सुमारे ५० एमबीपीएस. संपादन डाव्हिंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत, आणि संस्थेला द्यायचंय १०८०पी. लॅपटॉपमध्ये ८ जीबी रॅम आणि २५६ जीबीची एसएसडी, सोबत एक टीबीची बाहेरची हार्डडिस्क. २५६ ची एसएसडी विंडोजमध्ये २३८ दिसते आणि एक टीबी ९३१ दिसतो. दुकानदारानं फसवलेलं नाही, मोजायची पद्धत वेगळी असते एवढंच. विंडोज आणि बाकी सॉफ्टवेअरनी जागा खाल्ल्यावर एसएसडीवर शंभर जीबी मोकळे आहेत असं धरू.

लक्षात ठेवायचं सूत्र एकच:

```
एमबीपीएस × 0.45 = तासाला जीबी
```

१०० एमबीपीएसचा कॅमेरा तासाला ४५ जीबी घेतो. सव्वादोन तासांचे सुमारे १०१. असे दोन कॅमेरे म्हणजे २०२, आणि फोनचे ५१ मिळून २५३ जीबी. हे एसएसडीवर मावत नाही, आणि मावायची गरजही नाही. मूळ फाइल्स बाहेरच्या हार्डडिस्कवर जातील. त्यांची दुसरी प्रत दुसऱ्या कुठल्या तरी डिस्कवर गेल्याशिवाय कॅमेऱ्याची कार्डं पुसायची नाहीत. त्याच डिस्कवर दुसरा फोल्डर करून ठेवलेल्या प्रतीला मी प्रत म्हणत नाही.

आता प्रॉक्सी. २५ फ्रेमला १०८०पी DNxHR LB साधारण ३६ एमबीपीएस होते, म्हणजे तासाला १६ जीबी. आपल्याकडे तीन कॅमेऱ्यांचे मिळून पावणेसात तास आहेत, म्हणून १०९ जीबी. मोकळी जागा शंभर. मावत नाही. त्याऐवजी ९६० बाय ५४० चा आकार घेतला तर पिक्सेल एक चतुर्थांश आणि जागाही साधारण तेवढीच: तासाला चार जीबी, सगळी मिळून सत्तावीस-अठ्ठावीस. हे आरामात बसतं.

५४० म्हणजे फारच कमी वाटेल, पण मल्टिकॅमच्या खिडकीत प्रत्येक कॅमेऱ्याला लॅपटॉपच्या पडद्याचा लहानसा तुकडाच मिळतो. कुणाचा संवाद चाललाय, कुणाकडं कट करायचा, हे तेवढ्यात चांगलं कळतं. कळत नाही ते फोकस. क्लोजअपमध्ये डोळे नेमके टिपलेत की मागचा पडदा, हे ५४० वर ठरवायला जाऊ नका. तेवढ्या शॉटपुरतं मूळ फाइलवर जाऊन बघायचं, आणि ते कसं ते पुढं येईलच. चेहऱ्याचा रंग, सावलीतला दाणा हेही तसंच.

एसएसडीवर अजून दोघांना जागा हवी. अंतिम १०८०पी फाइल २० एमबीपीएसनं काढली तर सव्वादोन तासांची वीस जीबी. आणि कॅशसाठी वीसेक. सगळे मिळून अडुसष्ट झाले, तीसेक जीबी मोकळे राहिले. ते तसेच राहू द्या. एसएसडी काठोकाठ भरली की तिचा लिहिण्याचा वेग पडतो आणि विंडोजही कुरकुरायला लागतं.

कॅशबद्दल सांगायलाच हवं, कारण "काहीच न करता सी ड्राइव्ह भरला" ही तक्रार बहुतेक तिच्यामुळेच असते. रिझॉल्व्ह इफेक्ट लावलेले तुकडे आधीच रेंडर करून ठेवू शकतं. त्यासाठी वरच्या दर्जाची पद्धत आणि ४के टाइमलाइन निवडलेली असेल, तर एका मिनिटाला पाच जीबीच्या आसपास जातात. नाटकाच्या कामात इफेक्ट असतात किती? सुरुवातीची श्रेयनामावली आणि थोडा रंग. म्हणून `Playback > Render Cache > None` ठेवावं, गरज पडली तर `User` करावं. साठलेली कॅश `Playback > Delete Render Cache` मधून काढता येते.

आणि एसएसडीवर शंभर नाही, चाळीसच जीबी मोकळे असतील तर? मग प्रॉक्सीही बाहेरच्या हार्डडिस्कवरच ठेवा. ५४० च्या तीन प्रॉक्सी एकदम चालल्या तरी सेकंदाला साडेतीन मेगाबाइटसुद्धा लागत नाहीत. उडी मारताना हार्डडिस्क किंचित दम खाईल, पण काम अडणार नाही. फक्त डिस्क निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या पोर्टला लावा. यूएसबी २ ला लावली की खरा वेग सेकंदाला तीस-पस्तीस मेगाबाइटवर येतो. प्रॉक्सीला तेवढाही पुष्कळ आहे, पण २५३ जीबी कॉपी करायला दोन तासांहून जास्त जातील.

फोनचं दुखणं वेगळं

फोनची फाइल तशीच आत घेऊ नका. फोन बहुतेक वेळा ठरल्या वेगानं फ्रेम लिहीत नाहीत. अंधार झाला, फोन तापला की सेकंदाला कधी तीस, कधी अठ्ठावीस. नाटकात तर प्रकाश सतत बदलतो. मीडियाइन्फो या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडली की `Frame rate mode : Variable` असं लिहिलेलं दिसतं. अशी फाइल मल्टिकॅममध्ये पहिल्या अंकाच्या सुरुवातीला ओठांशी बरोबर जुळते आणि अंक संपेस्तोवर सरकलेली असते. कुठं थोडी ढकलून भागत नाही, कारण चूक एका ठिकाणी नसून सगळीकडे थोडीथोडी पसरलेली असते. त्याहून वाईट म्हणजे प्रॉक्सीवर जुळलेली दिसते आणि मूळ फाइलवर आलात की नाही.

म्हणून आत घेण्याआधीच तिला पंचवीसच्या ठाम वेगावर आणायचं. अंतिम व्हिडिओ १०८०पी असल्यानं त्याच खेपेत आकारही कमी करून घेऊ. एफएफएमपेग असेल तर:

```
ffmpeg -i phone.mp4 -vf "fps=25,scale=1920:1080,format=yuv420p" -c:v libx264 -crf 18 -c:a pcm_s16le phone_25.mov
```

याला वेळ लागतो, रात्रीच लावा. यापुढं `phone_25.mov` हीच मूळ फाइल मानायची. फोनमध्ये एचडीआर चालू ठेवून शूटिंग केलं असेल तर या आज्ञेनंतर रंग फिके पडतील, तेव्हा तिसऱ्या घंटेआधी ते बंद केलंय ना हे पाहावं. तीसचे पंचवीस करताना हालचाल किंचित तुटक होते. फोनमध्ये २५ फ्रेमची सोय असेल तर ती आधीच निवडलेली बरी.

खरं तर याच्याही एक पाऊल मागं जायला हवं. द्यायचंय १०८०पी, तर तिन्ही कॅमेरे ४केवर कशाला? मधला कॅमेरा ४के असेल तर त्यातून कापून जवळची चौकट काढता येते, त्याला अर्थ आहे. क्लोजअपचा कॅमेरा आणि फोन १०८०पी वर लावले तर जागाही वाचते आणि प्रोसेसरही. पण आपल्याकडं "दादा, फोर-के आहे ना?" हे विचारल्याशिवाय संस्था ॲडव्हान्स देत नाहीत, त्याला इलाज नाही.

रिझॉल्व्हमध्ये क्रम

सगळ्यात आधी, एकही क्लिप टाइमलाइनवर नेण्यापूर्वी, `Project Settings > Master Settings` मध्ये टाइमलाइन १९२० बाय १०८० आणि २५ फ्रेम करा. आकार नंतरही बदलता येतो, प्रोजेक्टचा फ्रेमचा वेग मात्र टाइमलाइन बनली की अडकून बसतो.

त्याच पानावर खाली `Optimized Media and Render Cache` मध्ये `Proxy media resolution` आणि `Proxy media format` आहे. फॉरमॅट DNxHR LB घ्या. आकार इथं थेट लिहीत नाहीत, मूळ फाइलच्या प्रमाणात सांगतात. दोन्ही ४के कॅमेऱ्यांसाठी `Quarter` म्हणजे ९६० बाय ५४०. पण फोनची फाइल आता १०८०पी झालीय. तिला `Quarter` लावलं तर ४८० बाय २७० चा धुरकट तुकडा येईल. म्हणून आधी दोन कॅमेऱ्यांच्या क्लिप करून घ्या, मग सेटिंग `Half` वर आणून फोनची करा. प्रॉक्सी कुठं ठेवायच्या ते `Working Folders` मध्ये सांगता येतं. तिथं एसएसडीवरचा एक फोल्डर द्या आणि कॅशसाठी वेगळा द्या, म्हणजे नंतर काय पुसायचं यात घोळ होत नाही.

मग मीडिया पूलमध्ये क्लिप निवडून राइट-क्लिक, `Generate Proxy Media`. सुरुवातीला पाच मिनिटांची एकच क्लिप करा आणि घड्याळ लावा. तिला आठ मिनिटं लागली तर पावणेसात तासांच्या चित्रीकरणाला जवळजवळ अकरा तास लागणार, हे कळून चुकतं. संध्याकाळी लावून सकाळी मिळेल असं काम आहे हे.

या रात्रीच्या कामात सॉफ्टवेअरपेक्षा बाकीच्याच गोष्टी दगा देतात. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये स्लीप बंद केलेलं नसेल तर लॅपटॉप अर्ध्या तासात झोपी जातो. उन्हाळ्यात गादीवर ठेवला तर तापून स्वतःच वेग कमी करतो. टेबलावर, पंख्याखाली ठेवा. लाइट गेली तर लॅपटॉप बॅटरीवर काही वेळ निघेल, पण स्वतःचा अडॅप्टर असलेली मोठी हार्डडिस्क तिथल्या तिथं बंद पडते आणि काम थांबतं. लॅपटॉपच्याच यूएसबीवर चालणारी छोटी डिस्क अशा वेळी बरी. काम मध्ये तुटलं तर पूर्ण झालेल्या क्लिपच्या प्रॉक्सी वाया जात नाहीत, चालू असलेली तेवढी पुन्हा करावी लागते. सव्वा तासाची एकच सलग फाइल असेल तर ते "तेवढी" बरंच महागात पडतं.

सकाळी `Playback > Proxy Handling > Prefer Proxies` निवडा, तिन्ही क्लिप धरून मल्टिकॅम क्लिप करा, `Angle Sync` ला `Sound` द्या. आता चालवून बघा. व्ह्यूअरच्या वर फ्रेमच्या आकड्याशेजारी एक ठिपका असतो: हिरवा असेल तर २५ च्या २५ फ्रेम येताहेत, लाल झाला तर गळताहेत. लाल येतच असेल तर एखाद्या क्लिपची प्रॉक्सी राहून गेली असण्याची शक्यता जास्त. मीडिया पूलच्या यादीत `Proxy` हा रकाना दाखवून घेतला तर कुठली राहिली ते लगेच कळतं.

मघाशी फोकसचं म्हटलं ते याच मेनूतून. `Prefer Camera Originals` करायचं, शॉटवर थांबून बघायचं आणि परत `Prefer Proxies`. त्या वेळी लॅपटॉप पुन्हा अडखळेल, पण थांबलेलं चित्र तो नीट दाखवतो आणि आपल्याला तेवढंच हवं असतं.

शेवटची फाइल काढताना

रेंडर करण्यापूर्वी बाहेरची हार्डडिस्क लावलेली असली पाहिजे, हे सांगायची गरज नाही असं वाटतं, पण आहे. प्रॉक्सी एसएसडीवर असल्यानं सगळं संपादन डिस्कशिवाय छान होतं आणि तिचा विसर पडतो. दुसरा घोळ ड्राइव्हच्या अक्षराचा. काल डिस्क E होती, मध्ये पेन ड्राइव्ह लावला, आज ती F झाली; रिझॉल्व्ह E वर शोधतं आणि लाल `Media Offline` दाखवतं. फाइल कुठं गेलेली नसते. विंडोजच्या Disk Management मध्ये डिस्कला P किंवा S असं मागचं अक्षर कायमचं देऊन टाकलं की हा त्रास संपतो.

`Deliver` पानावर `Advanced Settings` मध्ये `Use proxy media` ला खूण नाही ना, ते बघा. चुकून असली तर सांगणारं कुणी नसतं, रेंडर नेहमीपेक्षा लवकर होतं आणि आपण खूष. ओळखायची खूण अशी: नाटकाच्या नावाची अक्षरं कोरल्यासारखी आणि नटांचे चेहरे मऊ. अक्षरं सॉफ्टवेअर स्वतः काढतं म्हणून ती स्वच्छ येतात, चेहरे ५४० वरून ताणलेले असतात. सगळं रेंडर करण्याआधी शीर्षक आणि त्यानंतरचं मिनिटभर एवढंच काढून पाहिलं की उत्तर मिळतं.

काम दिल्यावर जागा मोकळी करताना प्रॉक्सी आणि कॅश बिनधास्त पुसा, दोन्ही पुन्हा करता येतात. मूळ फाइल्स, अंतिम फाइल आणि प्रोजेक्ट ठेवायचं. यातल्या प्रोजेक्टलाच पोरं मुकतात, कारण रिझॉल्व्हचं प्रोजेक्ट व्हिडिओच्या फोल्डरमध्ये नसतं. ते सी ड्राइव्हवर सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये असतं. हार्डडिस्कवरचा अख्खा फोल्डर जपून ठेवला आणि पुढं विंडोज फॉरमॅट केली, की सगळं चित्रीकरण हातात आणि कट एकही नाही. त्यासाठी `File > Export Project` करून येणारी `.drp` फाइल मूळ फाइल्सच्या फोल्डरमध्ये टाकायची. तिच्यात व्हिडिओ नसतो म्हणून ती अगदी लहान असते. संस्थेनं सहा महिन्यांनी "दुसऱ्या अंकातली ती एंट्री जरा बदलून द्या" म्हटलं, तर ती उघडायची आणि तेवढ्याच क्लिपच्या प्रॉक्सी नव्यानं करायच्या.